परतावा विचारलात, हेलकावाही विचारा

२०२५ च्या एप्रिलमध्ये तोळ्याने लाखाचा आकडा शिवला आणि नाशिकच्या लग्नघरांत, भिशीत, कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर एकच वाक्य फिरू लागलं: ‘बघा, सोनं कधी बुडवत नाही. शेअरमध्ये घातले असते तर?’ वर्ष सरेपर्यंत भाव सव्वा लाखाच्याही पुढे गेला आणि या वाक्याचा आवाज आणखी चढला. माझं भांडण सोन्याशी नाही. या वाक्याशी आहे.

एका वर्षात किती वाढलं, यावरून गुंतवणुकीची लायकी ठरत नाही. किती मिळालं हा अर्धा प्रश्न झाला. ते मिळेपर्यंत किती हेलकावे खावे लागले, हा उरलेला अर्धा. लासलगावला कांदा घेऊन जाणारा शेतकरी हे न शिकवता जाणतो. वर्षाचा सरासरी भाव काहीही असो, त्याची ट्रॉली लिलावात उभी राहील त्या दिवशी भाव कुठे असेल, यावर त्याचं घर चालतं. गुंतवणुकीचंही तेच आहे. मुलीचं लग्न, ऑपरेशन, घराचा हप्ता हे सगळं ठरल्या तारखेला येतं आणि त्या तारखेला भाव वर असेल की खाली, हे आपल्या हातात नसतं.

म्हणून या आठवड्यात सरळ हिशेब मांडतो. एक बाजू सोन्याची, एक शेअरची, एक रोख्यांची. तिघांनाही एकच प्रश्न: जोखमीच्या प्रत्येक घोटामागे तुम्ही किती दिलंत?

सूत्र एका ओळीचं आहे

अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये म्युच्युअल फंडांची तुलना करण्यासाठी एक गुणोत्तर मांडलं. पुढे १९९० मध्ये मार्कोविट्झ आणि मिलर यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गुणोत्तर असं:

शार्प = (परतावा − बिनजोखमीचा परतावा) ÷ हेलकावा

हेलकावा म्हणजे दरवर्षीचा परतावा सरासरीपासून किती दूर जातो त्याचं माप. कॉलेजच्या संख्याशास्त्रात आपण त्याला प्रमाण विचलन म्हणायचो. बिनजोखमीचा परतावा म्हणजे काहीही धोका न पत्करता जे मिळालंच असतं ते. त्यासाठी भारतात केंद्र सरकारच्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा दर धरतात. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत तो कधी साडेसातच्या जवळ होता, तर कोविडच्या काळात साडेतीन-पावणेचारवर आला. सरासरी सहाच्या आसपास पडते. हिशेबाला ६ धरू.

हे ६ वजा का करायचे, ते नाशिककरांना आपल्याच महापालिकेच्या उदाहरणावरून कळेल. १९९९ मध्ये नाशिक महापालिकेने पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी १०० कोटींचे रोखे काढले. व्याज होतं १४.७५ टक्के. आज हा आकडा ऐकला की लोक म्हणतात, काय दिवस होते! पण त्या वर्षी केंद्र सरकारचे दहा वर्षांचे रोखेच ११ ते १२ टक्के देत होते. म्हणजे महापालिकेला पैसे देण्याची जोखीम पत्करल्याबद्दल वरचे मिळत होते ते फार तर पावणेतीन ते पावणेचार टक्के. तेवढीच खरी कमाई. बाकीचे अकरा-बारा त्या काळाच्या व्याजदराने दिले होते, महापालिकेने नाही. त्याच महापालिकेने २०२५ च्या अखेरीस गोदावरीसाठी २०० कोटींचे रोखे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदवले. ते घ्यायचे की नाही हे ठरवतानाही प्रश्न हाच विचारायचा: सरकारी रोख्यापेक्षा किती जास्त, आणि कशाबद्दल?

सोन्याची दहा वर्षं

वर्षअखेरच्या रुपयातल्या भावावरून सोन्याचा परतावा पूर्णांकात असा येतो. २०१५ मध्ये उणे ७ टक्के, मग ११, ५, ८, २४, २८. २०२१ मध्ये पुन्हा उणे ४, मग १४, १५ आणि २०२४ मध्ये २१. बेरीज ११५, म्हणजे सरासरी ११.५ टक्के.

आता हेलकावा काढू. दरवर्षीच्या आकड्यातून ११.५ वजा करायचे. २०१५ चं अंतर उणे १८.५, २०२० चं अधिक १६.५, २०२१ चं उणे १५.५, अशी दहा अंतरं मिळतात. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज केली की ११७४.५ येते. तिला ९ ने भागायचं, १० ने नाही, कारण सरासरी काढताना एक माहिती आधीच खर्च झालेली असते. उत्तर १३०.५ आणि त्याचं वर्गमूळ ११.४. हा सोन्याचा हेलकावा. अर्थ असा की साधारण तीन वर्षांतल्या दोन वर्षी सोन्याचा परतावा शून्याच्या आसपासपासून तेवीसपर्यंत कुठेही पडू शकतो. ‘कधी बुडवत नाही’ म्हणणाऱ्यांनी या रुंदीकडे एकदा नीट बघावं.

शार्प: ११.५ वजा ६ म्हणजे ५.५. त्याला ११.४ ने भागलं की ०.४८. हेलकाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे सोन्याने जवळपास अर्धा टक्का जादा दिला.

शेअर आणि रोखे

शेअरचा हिशेब करताना लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे लाभांश विसरतात. निफ्टीचा जो आकडा टीव्हीवर दिसतो त्यात लाभांश नसतो. तो धरला की वर्षाला सव्वा टक्क्याच्या आसपास भर पडते. सोनं लाभांश देत नाही, त्यामुळे ही भर न धरता केलेली तुलना शेअरवर अन्याय करते.

दुसरी चूक जास्त महाग पडते. सगळ्या शेअर बाजाराऐवजी आपल्याकडे असलेला एक शेअर सोन्यासमोर उभा करतात. आपल्या नाशिकच्याच सुला विनयार्ड्सचा शेअर डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना विकला गेला. वर्षभरात तो जवळपास दुप्पट झाला आणि २०२५ मध्ये मूळ किमतीच्याही खाली होता. तो वर असताना घेणारा माणूस ‘शेअर म्हणजे जुगार’ म्हणतो आणि खाली असताना सोन्याकडे वळतो. पण एका कंपनीचा हेलकावा हा बाजाराचा हेलकावा नव्हे. पन्नास कंपन्या एकत्र आल्या की एकीचं पडणं दुसरीच्या चढण्यात बरंचसं मिटतं. सोन्यासमोर उभं करायचं ते त्या पन्नासांना.

लाभांश धरून निफ्टीची तीच दहा वर्षं: उणे ३, ४, ३०, ५, १३, १६, २६, ६, २१, १०. सरासरी १२.८, हेलकावा १०.५. शार्प ०.६५.

दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांची कहाणी वेगळी. २०१६ मध्ये व्याजदर घसरले तेव्हा रोख्यांच्या किमती वाढून परतावा १५ टक्क्यांच्या घरात गेला. २०१७ मध्ये तो जवळपास शून्य, आणि रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दर भराभर वाढवले तेव्हाही तेच. दहा वर्षांची सरासरी ६.६, हेलकावा ५. शार्प ०.१२.

इथे बरेच जण थांबतात. रोखे तर सुरक्षित ना? मग शार्प एवढा कमी कसा? कारण हेलकावा कमी असणं पुरेसं नाही. ६.६ मधून ६ गेले की उरतात फक्त ०.६, आणि त्यासाठी ५ चा हेलकावा सोसावा लागला. ज्याला शांतता हवी होती त्याला ट्रेझरी बिलातच ती जवळपास फुकट मिळत होती. अर्थात, रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवणाऱ्याला मधले हेलकावे भोगावे लागत नाहीत. त्याला घेताना ठरलेलाच दर मिळतो. हा ०.१२ मधेच विकावं लागणाऱ्याचा आकडा आहे. फिक्स्ड डिपॉझिटला हेलकावा नाही असं आपल्याला वाटतं, त्याचंही कारण एवढंच की बँक तिचा रोजचा भाव फळ्यावर लिहीत नाही.

निकाल पाहा: शेअर ०.६५, सोनं ०.४८, रोखे ०.१२. पण शेअर पहिला आणि सोनं दुसरं, असा नंबर लावून टाळ्या वाजवू नका. दहाच आकड्यांवर काढलेल्या शार्पमध्ये दोन्ही बाजूंना सुमारे ०.३ ची ढिलाई असते. ०.६५ आणि ०.४८ मधलं अंतर त्या ढिलाईत सहज बुडतं. ज्यांनी दहा वर्षांच्या तक्त्यावरून सोन्याला किंवा शेअरला कायमचा विजेता ठरवलं, त्यांनी आकड्यातून जितकं निघतं त्यापेक्षा जास्त काढलं.

वर्षअखेरचा फोटो

मी वर जे केलं त्यात एक मोठी खोट आहे आणि ती उघड सांगायला हवी. मी वर्षातून एकदाच भाव पाहिला. २०२० चा शेअरचा परतावा माझ्या तक्त्यात १६ टक्के दिसतो. सुरेख वर्ष! पण त्या वर्षी एकट्या मार्चमध्ये निफ्टी सुमारे २३ टक्के कोसळला होता. ३१ डिसेंबरच्या फोटोत ती जखम भरून आलेली दिसते. मार्चअखेरीस ज्याला पैसे काढावे लागले, त्याला तो फोटो काय कामाचा?

म्हणून जाणकार वर्षाचे नाही, महिन्याचे परतावे घेतात आणि त्यांचं प्रमाण विचलन १२ च्या वर्गमुळाने गुणून वर्षाला आणतात. तसं केलं की शेअरचा हेलकावा १०.५ वरून १६-१७ च्या घरात जातो. शार्प ०.६५ वरून घसरून ०.४ वर येतो. सोन्याचा हेलकावाही वाढतो, पण शेअरइतका नाही, त्यामुळे दोघं जवळपास खांद्याला खांदा लावून उभे राहतात. परतावा तोच, वर्षं तीच. बदललं ते फक्त मोजण्याचं अंतर. तेव्हा कुणी शार्पचा आकडा तोंडावर फेकला की पहिला प्रश्न विचारा: महिन्याचा की वर्षाचा? एका मालमत्तेचा महिन्याचा आणि दुसरीचा वर्षाचा आकडा शेजारी ठेवून केलेली तुलना सरळ कचऱ्यात टाकावी.

दशक कोणतं निवडलं?

दुसरी पळवाट म्हणजे सोयीचा काळ. माझा तक्ता २०१५ ला सुरू होतो. २०१३ ला सुरू केला असता तर? २०१३, २०१४ आणि २०१५ ही तिन्ही वर्षं रुपयातलं सोनं ओळीने खाली गेलं. तेव्हा ट्रेझरी बिलं आठ टक्क्यांच्या आसपास देत होती. २०१२ मध्ये ‘सोनं कधी बुडवत नाही’ असं ऐकून मुलाच्या शिक्षणाचे पैसे सोन्यात घातले आणि २०१५ मध्ये फी भरायला ते विकलं, अशा माणसाचा शार्प उणे आला असता.

आणि शार्प उणे आला की तो खोटं बोलायला लागतो, हेही लक्षात ठेवा. समजा दोन गुंतवणुकींनी बिनजोखमीच्या दरापेक्षा १४ टक्के कमी दिले. एकीचा हेलकावा ७, दुसरीचा १४. पहिलीचा शार्प उणे २, दुसरीचा उणे १. आकड्याने पाहिलं तर दुसरी बरी दिसते, कारण ती जास्त हेलकावते! तोटा सारखाच आणि धडधड दुप्पट, तरी गुण जास्त. म्हणून उणे शार्पांची आपापसांत तुलना करायचीच नाही.

उलट २०२५ जोडून पाहा. त्या वर्षी सोनं साधारण पाऊणपट वाढलं, म्हणून ७५ टक्के धरतो. अकरा वर्षांची सरासरी ११.५ वरून थेट १७.३ वर उडी मारते. शार्प किती व्हायला हवा? दीडपट? दुप्पट? तो होतो ०.५१. होता ०.४८. कारण त्या एका उडीने हेलकावाही ११.४ वरून २२ वर नेला. शार्पच्या सूत्राला वरची उडी आणि खालची उडी यातला फरक कळत नाही. सरासरीपासून लांब गेलात की झालं.

हा सूत्राचा दोष म्हणा, मी याला इशारा मानतो. एका वर्षात पंचाहत्तर टक्के वर जाणारी वस्तू शांत असूच शकत नाही. जी वरच्या बाजूला एवढी उसळते ती खालच्या बाजूलाही उसळू शकते. २०१३ ते २०१५ ने ते दाखवलं आहे. २०२५ च्या भावाने सोनं अधिक फायद्याचं ठरलं. अधिक सुरक्षित ठरलं नाही.

पाटल्यांचा शार्प वेगळा

इथवर बोललो ते शुद्ध सोन्याच्या भावाबद्दल. पण आपल्याकडे सोनं म्हणजे दागिना. आता सराफाच्या काउंटरवर या.

समजा पाटल्यांमधलं सोनं १ लाखाचं. घडणावळ १० टक्के धरली तर १० हजार. वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३००. पावती झाली १,१३,३०० ची. त्याच पाटल्या लगेच मोडायला नेल्या तर? घडणावळ गेली, जीएसटी गेला. आधी यंत्रावर कस पाहतात. पाटल्या काट्यावर चढतात, डागाचं आणि लाखेचं वजन वजा होतं. मग काउंटरमागचा माणूस विचारतो, ‘मावशी, मोड द्यायचीय की बदलून नवीन घेताय?’ बदलून घेतलं तर घट थोडी सोडतात, रोख हवी असेल तर धरतात. दोन टक्के घट गेली तर हातात ९८ हजार. पहिल्याच दिवशी १५,३०० रुपये, म्हणजे साडेतेरा टक्के, उडाले.

दहा वर्षं ठेवल्या तर हा खड्डा वर्षाला साधारण दीड टक्का खातो. ११.५ चे १० झाले आणि शार्प ०.४८ वरून ०.३५ वर आला. तीन वर्षांत मोडाव्या लागल्या तर खड्डा वर्षाला जवळपास पाच टक्क्यांचा पडतो आणि शार्प शून्याला टेकतो. हेलकावा पूर्ण सोसला, मोबदला काहीच नाही.

दुसऱ्या टोकाला कागदावरचं सोनं पाहा. सार्वभौम सुवर्णरोख्यांची पहिली मालिका नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत मिळाली. म्हणजे वर्षाला जवळपास ११ टक्के, आणि वर मूळ रकमेवर दरसाल २.७५ टक्के व्याज वेगळं. घडणावळ नाही, घट नाही, लॉकरचं भाडं नाही. शार्पच्या भाषेत सांगायचं तर व्याजाने अंश वाढवला आणि छेदाला हात लावला नाही. सोनं तेच, भाव तोच, शार्प मात्र दागिन्यापेक्षा कितीतरी वर. फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवीन मालिका काढल्या नाहीत. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, पण तिथे सोन्याच्या भावापेक्षा जास्त किंमत मोजावी लागत नाही ना, हे पाहूनच घ्यावेत. नाहीतर सुवर्ण ईटीएफ आहेत. व्याज नसलं आणि थोडा वार्षिक खर्च असला तरी साडेतेरा टक्क्यांचा खड्डा नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. आईच्या पाटल्या, आजीची बोरमाळ यांना शार्प लावू नये. आपल्याकडे असंख्य बायकांच्या नावावर घर नाही, शेत नाही, बँकेत खातं असलं तरी पासबुक नवऱ्याच्या कपाटात. अंगावरचं सोनं एवढीच त्यांची हक्काची मालमत्ता. अडीअडचणीला ते कुणाच्याही सहीशिवाय तारण ठेवता येतं. ही किंमत कोणत्याही गुणोत्तरात येत नाही. माझं म्हणणं त्या सोन्याबद्दल आहे जे ‘गुंतवणूक’ म्हणून घेतलं जातं आणि दागिन्याच्या भावात पडतं. घालायचं असेल तर दागिना घ्या, मनापासून घ्या. गुंतवायचं असेल तर घडणावळ कशासाठी भरता? निदान वेढणी घ्या.

मग सोनं घ्यावं का?

घ्यावं. पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही.

पुन्हा त्याच दहा वर्षांकडे या आणि दरवर्षी १ जानेवारीला निम्मे पैसे निफ्टीत, निम्मे सोन्यात ठेवा. परताव्यांची सरासरी १२.१५ येते. शेअरच्या १२.८ आणि सोन्याच्या ११.५ च्या बरोबर मधली, जशी यायला हवी तशीच. पण हेलकावा? एकाचा १०.५, दुसऱ्याचा ११.४. दोघांच्या मिश्रणाचा ७.९! दोघांपैकी कुणापेक्षाही कमी. शार्प ०.७८. एकट्या शेअरपेक्षा जास्त, एकट्या सोन्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या दहा वर्षांत या मिश्रणाचं तोट्याचं वर्ष एकच, २०१५, आणि तेही उणे ५ चं.

हे घडतं कारण दोघांचे हेलकावे एकाच तालावर नसतात. २०२१ मध्ये सोनं खाली होतं तेव्हा शेअर २६ टक्के वर. २०२२ मध्ये शेअर सुस्त होते तेव्हा सोनं १४ टक्के वर. या दहा वर्षांत दोघांमधला सहसंबंध जवळपास शून्य भरतो. त्यामागे रुपयाचाही हात आहे. २०१४ च्या अखेरीस डॉलर ६३ रुपयांना होता, २०२४ च्या अखेरीस साडेपंच्याऐंशीला. वर्षाला तीन टक्के झाले. सोन्याच्या वाढीतले हे तीन टक्के सोन्याचे नाहीत, रुपयाच्या घसरणीचे आहेत. आणि परदेशी पैसा आपल्या बाजारातून बाहेर पडतो, शेअर आपटतात, तेव्हा बहुधा रुपयाही घसरतो आणि रुपयातल्या सोन्याला आधार मिळतो. हा काही निसर्गनियम नाही. २०१५ मध्ये दोघंही पडले. पण बहुतेक वेळा एक दुसऱ्याला सावरतो आणि सोन्याची खरी कमाई तीच आहे. एकट्याचा शार्प नव्हे, शेअरच्या शेजारी बसल्यावर सगळ्या पैशांचा जो शार्प होतो तो.

निम्मे-निम्मे करा असा माझा आग्रह नाही. ७० टक्के शेअर आणि ३० टक्के सोनं धरून हिशेब केला तरी शार्प ०.७८ च येतो. म्हणजे नेमकं प्रमाण फारसं महत्त्वाचं नाही. प्रमाण ठरवून ते पाळणं महत्त्वाचं आहे. वरचा सगळा हिशेब दर जानेवारीला प्रमाण पूर्ववत केलं, या गृहीतावर उभा आहे.

आणि नेमकं इथेच सगळे घसरतात. प्रमाण पूर्ववत करणं म्हणजे जे वाढलं त्यातलं थोडं विकायचं आणि जे मागे राहिलं ते घ्यायचं. निम्मे-निम्मे घेऊन २०२५ मध्ये शिरलेल्याचं सोनं वर्षाअखेरीस पाऊणपट वाढलं, शेअर दहा-बारा टक्के वाढले. त्याचे शंभराचे पन्नास आणि पन्नास होते, ते सोन्यात साडेसत्त्याऐंशी आणि शेअरमध्ये छप्पन्नच्या आसपास झाले. हिशेब सांगतो, सोन्यातले पंधरा-सोळा विका आणि शेअर घ्या. लोक काय करत होते? शेअर विकून, एफडी मोडून, लाखाच्या वर सोनं घेत होते.

सोनं कधी बुडवत नाही असं मानणारा माणूस भाव चढल्यावर विकत नाही, आणखी घेतो. त्यामुळे सोन्याचा जो एकमेव खात्रीचा उपयोग आहे, दुसऱ्याचा हेलकावा मोडण्याचा, तोच त्याच्या हातून निसटतो. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला सोन्याचा गेल्या वर्षीचा परतावा ऐकवला तर वाद घालू नका. एवढंच विचारा: तुझ्या एकूण पैशात सोनं किती टक्के आहे, आणि ते वाढलं तेव्हा तू किती विकलंस? याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याने सोन्यात गुंतवणूक केली आहे. बाकीच्यांनी भावाचा पाठलाग केला आहे.